जांभा सगळीकडे, मग बॉक्साइट मोजक्याच सड्यांवर का?

मंडणगड-दापोलीकडे किंवा श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला, ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात त्या बॉक्साइटच्या खाणीची जनसुनावणी लागली की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत तेच तेच मेसेज फिरायला लागतात. कोण म्हणतं आपल्या सड्याखाली सोनं आहे, कोण म्हणतं अरे तो तर साधा जांभा, गडग्याचा दगड, त्यात काय ॲल्युमिनियम असणार, आणि एखादा मुंबईचा भाचा मध्येच टाकतो की ॲल्युमिनियम तर साध्या मातीत पण असतं मग माती का नाही खणत. गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण बॉक्साइट म्हणजे नेमकं काय आणि ते बनलं कसं हे कोणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय सुनावणीत वाटलेल्या रिपोर्टातले आकडे वाचून काही उपयोग नाही.

## आधी दगड कोणता ते बघू

कोकणात खाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे. त्याला बेसॉल्ट म्हणतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचले, तोच हा दगड, सह्याद्री पण त्याचाच. या कातळाचा 100 किलोचा तुकडा घेतला आणि आत काय आहे ते बघितलं तर साधारण 49 किलो सिलिका निघते. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, वाळूत असते तीच. मग 14 किलो ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. लोखंडाचा ऑक्साइड तेवढाच, 14 किलोच्या आसपास. टायटॅनियमचा दोनेक किलो. बाकी चुना, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे.

म्हणजे ॲल्युमिनियम आपल्या काळ्या कातळात पण आहे की! पृथ्वीच्या कवचात वजनाने 8 टक्के ॲल्युमिनियमच आहे, दुसरा कुठलाच धातू एवढा नाही. अडचण असण्या-नसण्याची नाहीच. ते सिलिकाशी एवढं घट्ट बांधलेलं असतं की सोडवायला जो खर्च येतो तो परवडत नाही. बॉक्साइट म्हणजे ज्या दगडातून निसर्गानेच ही सिलिका काढून टाकली आहे तो दगड. पुढचं सगळं या एका वाक्यावरच उभं आहे, म्हणून ते जरा डोक्यात ठेवा.

## पाऊस दगडातून काय काय नेतो

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं म्हणून किंचित आंबट असतं, आणि मातीत शिरल्यावर मुळं आणि कुजणारा पाला त्यात आणखी भर घालतात. हे पाणी कातळाच्या भेगांत शिरलं की दगडातले कण हळूहळू फोडतं. चुना, सोडियम, मॅग्नेशियम सगळ्यात आधी विरघळून निघून जातात. त्यांच्यामागे सिलिका, पण ती फार सावकाश जाते. ॲल्युमिनियम मात्र साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पाणी खूप आंबट किंवा सोड्याच्या पाण्यासारखं खूप अल्कली असेल तरच विरघळतं, आणि पावसाळी जमिनीतलं पाणी बहुतेक वेळा या दोन्हीच्या मधेच असतं. हवा लागलेलं लोखंड पण तसंच, गंज होऊन जागेवर बसतं.

तर बाकीचे सगळे गेले आणि हे दोघे राहिले. जांभा लाल का तर त्यात हा गंज भरलेला आहे म्हणून, आणि त्याला भोकं का तर बरंचसं सामान आतून निघून गेलंय.

पण कातळाचं एकदम बॉक्साइट होत नाही, मधे चिकणमातीची पायरी असते. सिलिकाचा मोठा भाग निघून गेला तरी थोडी सिलिका ॲल्युमिनियमला धरून बसते आणि दोघांची मिळून पांढरट-गुलाबी चिकणमाती होते. चिरेखाणीत चिरे संपल्यावर खाली जो मऊ, बोटाला चिकटणारा, पावसात पाय घसरवणारा थर लागतो तो हाच. ही शेवटची सिलिका पण निघाली तर मग जे उरतं ते गिब्साइट नावाचं खनिज, म्हणजे ॲल्युमिना आणि पाणी एवढंच, सिलिका अजिबात नाही. आपल्याकडच्या बॉक्साइटमधलं मुख्य खनिज हेच.

## खाऱ्या बांगड्याचं गणित

ही शेवटची सिलिका निघणं एवढं अवघड का आहे ते खाऱ्या बांगड्यावरून लगेच कळतं. खारा मासा करायचा असेल तर आधी पाण्यात टाकून त्याचं मीठ काढतो ना आपण. एकाच भांड्यात रात्रभर ठेवला तर थोडं मीठ पाण्यात उतरतं, मग ते पाणीच खारट होतं आणि पुढे काही होत नाही, मासा तसाच खारट. पाणी ओतून नवीन घातलं, परत ओतलं, परत घातलं, तर कुठे तो खाण्यासारखा होतो. आणि सुरुवातीचं मीठ भसाभस निघतं पण शेवटचं निघायला सगळ्यात जास्त पाणी लागतं.

दगडाचं तंतोतंत तसंच आहे. पाण्यात आधीच थोडी सिलिका असेल तर चिकणमातीवर त्या पाण्याचा काही परिणाम होत नाही. ती फोडून गिब्साइट व्हायला पाणी जवळजवळ कोरं लागतं, लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमच्या वर सिलिका नको. म्हणजे पाणी आत शिरलं पाहिजे, आपलं काम करून खालून निघून गेलं पाहिजे, आणि लगेच मागून नवीन आलं पाहिजे. नुसता पाऊस पुरत नाही, निचरा लागतो.

कोकणात दोन्ही आहेत. चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सडा उंचावर, सपाट, बाजूला दरी. पाणी वाहून जायच्या आधी सपाटीवर जरा रेंगाळतं, आत मुरतं आणि कडेला खालून झऱ्याने बाहेर पडतं. नंतर आठ महिने ऊन, त्यात पाण्याची पातळी खाली जाते, हवा आत शिरते. उष्णतेने हे सगळं आणखी भराभर होतं, म्हणून जगातले मोठे साठे गिनी, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, ब्राझील, जमैका अशा गरम पट्ट्यात सापडतात. आपल्या देशात सगळ्यात मोठे साठे ओडिशात, पंचपटमाळीचा डोंगर त्यातलाच, आणि तिथे पण ते उंच सपाट माथ्यावरच आहेत, खालच्या खोऱ्यात नाहीत.

उलट दिशेने पण जातं बरं का हे. बनलेल्या बॉक्साइटमध्ये सिलिकावालं पाणी येऊन साचायला लागलं तर गिब्साइटची परत चिकणमाती होते. म्हणून एकाच सड्यावर एका कडेला चांगला माल आणि शंभर पावलांवर खोलगट भागात नुसती माती असं होतं आणि लोक चक्रावतात.

## मग सगळा जांभा बॉक्साइट का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर साध्या बेरजेत आहे.

तोच 100 किलो कातळ परत घ्या. समजा निसर्गाने आपलं काम शंभर टक्के केलं आणि सिलिका, चुना, सगळं काढून टाकलं. उरलं काय? 14 किलो ॲल्युमिना, त्याला धरून बसलेलं साडेसात किलो पाणी (गिब्साइटमध्ये पाणी असतंच), लोखंडाचा ऑक्साइड 14 किलो, टायटॅनियम 2 किलो. एकूण साडेसदतीस किलो. त्यात ॲल्युमिना 14, म्हणजे 37 टक्के. आणि सिलिका पूर्ण गेली असं धरून हा आकडा आला, प्रत्यक्षात ती थोडी राहतेच, मग ॲल्युमिना आणखी कमी. हा झाला आपला नेहमीचा लाल जांभा. चिरे काढायला झकास, ॲल्युमिनियमसाठी हलका माल.

आता लोखंडातलं पण बरंचसं निघून गेलं, 14 चं 5 राहिलं असं धरा. मग एकूण साडेअठ्ठावीस किलो आणि त्यात ॲल्युमिना 49 टक्के. याला म्हणायचं बॉक्साइट!

म्हणजे कोकणात फरक पडतो तो लोखंडामुळे. बेसॉल्टमध्ये मुळातच लोखंड भरपूर, त्यामुळे नुसती सिलिका जाऊन भागत नाही, लोखंडाला पण हलवावं लागतं. आणि गंजलेलं लोखंड हलत नाही म्हटलं ना, मग ते जातं कसं? हवा तोडली की जातं. पावसाळ्यात जमीन पाण्याने गच्च भरते, वरून पाला कुजत असतो, तो पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि ऑक्सिजन संपला की गंज विरघळायला लागतो आणि पाण्याबरोबर सरकतो. पुढे जिथे परत हवा लागते तिथे तो पुन्हा लाल होऊन बसतो. हे तुम्ही बघितलेलं आहे. पावसाळा संपता संपता सड्याखालच्या झऱ्याजवळ किंवा शेताच्या कोपऱ्यात पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो आणि खाली नारिंगी गाळ साठतो, लोकांना वाटतं कोणीतरी डिझेल सांडलं. काडीने तो तवंग हलवून बघा. त्याचे काचेसारखे तुकडे तुकडे झाले तर ते लोखंड, तेल असेल तर हलवल्यावर परत एकत्र होतं.

तर एकीकडे चांगला निचरा आणि दुसरीकडे पावसाळ्यात काही काळ गच्च पाणी, हे दोन्ही एकाच जागी लाखो वर्षं आळीपाळीने चालत राहिलं तर तिथे लोखंड कमी झालेला कप्पा बनतो. असे कप्पे जांभ्याच्या थरात मधे मधे असतात, कुठे दीड-दोन मीटर जाड, कुठे काहीच नाही. आपल्याकडच्या खाणी सलग एका मोठ्या खड्ड्यासारख्या नसून इकडे एक तिकडे एक अशा विखुरलेल्या असतात त्या यामुळे.

हातात धरून ओळखायचं तर जांभा गडद तांबडा, जड, आरपार भोकांचा. बॉक्साइट फिकट असतं, मातकट, गुलाबी, कधी मळकट पांढरं, उचलल्यावर हलकं लागतं आणि पुष्कळदा त्यात छोटे छोटे गोल दाणे दिसतात. चिकणमाती भिजवली की मळता येते, जिभेला लावली तर चिकटते, बॉक्साइटचा चुरा भिजवून कितीही मळा, गोळा होत नाही. पण रंगावर फार जाऊ नका, फिकट दगड नुसती घट्ट माती पण निघते. लॅबमध्ये एक सोपी खूण असते, नमुना 300 अंशांच्या थोडा वर तापवला की शुद्ध गिब्साइटचं वजन जवळजवळ एक तृतीयांश कमी होतं कारण त्यातलं पाणी उडून जातं. चिकणमातीचं पाणी त्या तापमानाला हलत नाही, तिला 500 च्या पुढे न्यावं लागतं.

## मुंबईच्या भाच्याला उत्तर: माती का नाही?

चिकणमातीत ॲल्युमिना 39 टक्के पर्यंत असू शकतो, म्हणजे लाल जांभ्यापेक्षा जास्तच. मग ती का चालत नाही ते कारखान्यात काय होतं त्यावरून कळतं.

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढायची पद्धत कार्ल बायर या केमिस्टने 1888 च्या सुमारास शोधली आणि आजही जवळपास सगळीकडे तीच चालते. बॉक्साइट दळून कडक कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकतात आणि दाबाखाली 150 अंशांच्या आसपास उकळतात. साध्या पाण्याला दाद न देणारं गिब्साइट कॉस्टिकमध्ये झटकन विरघळतं आणि लोखंड विरघळत नाही. लाखो वर्षं जे दोघे एकत्र अडकून होते त्यांची फारकत इथे होते. लोखंडाचा लाल गाळ बाजूला काढतात, द्रावण थंड केलं की पांढरा ॲल्युमिना हायड्रेट खाली बसतो आणि तो भाजला की ॲल्युमिना तयार. कॉस्टिक परत वापरायचा.

आता यात चिकणमाती टाकून बघा. ती पण विरघळते. पण तिच्यातली सिलिका द्रावणात उतरली की सोडियम आणि ॲल्युमिनियम दोघांना पकडून एक नवीन न विरघळणारं संयुग बनवते आणि गाळात जाऊन बसते. हिशोब असा की प्रत्येक सिलिकॉनमागे साधारण एक ॲल्युमिनियम अडकतं. आणि चिकणमातीत हे दोघे असतात किती? एकास एक. म्हणजे जेवढं ॲल्युमिनियम सुटलं तेवढं सगळं परत अडकलं, हातात शून्य, वर कॉस्टिक गेला तो वेगळाच. एक टन अशी सिलिका साधारण टनभर कॉस्टिक खाते, आणि कॉस्टिक हा तिथला महागडा खर्च आहे. म्हणून कारखानेवाले बॉक्साइट घेताना ॲल्युमिना किती यापेक्षा सिलिका किती हे जास्त बारकाईने बघतात, आणि ती पाच टक्क्यांच्या वर गेली की तोंड वाकडं करतात.

इथे एक बारीक मेख आहे. सगळी सिलिका त्रास देत नाही. वाळूच्या कणांसारखी कोरडी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, 150 अंशांना फारशी विरघळत नाही, ती गाळात तशीच निघून जाते. त्रास देते ती चिकणमातीतली. रिपोर्टात तिला रिॲक्टिव्ह सिलिका म्हणतात.

मातीतून ॲल्युमिना दुसऱ्या मार्गाने, आम्ल वापरून काढता येतो, प्रयोग बरेच झालेत. पण आम्लात लोखंड पण विरघळतं, मग ते वेगळं करत बसा. रशियात बॉक्साइट कमी म्हणून नेफेलिन नावाच्या दुसऱ्या दगडापासून काढतात, त्यासाठी दगड चुनखडीबरोबर भट्टीत भाजावा लागतो आणि त्यातून निघालेल्या मालाचं सिमेंट करून विकतात तेव्हा कुठे गणित जमतं. सगळीकडे अडचण तीच, सिलिकाची. ती काढायचे पैसे कोणीतरी भरायला लागतात आणि बॉक्साइटमध्ये ते काम पावसाने फुकट करून ठेवलंय.

एवढं करून साधारण चार-पाच टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना आणि त्यातून एक टन धातू. शेवटची पायरी विजेची, टनामागे 13 ते 15 हजार युनिट लागतात. म्हणून दगड कोकणात निघाला तरी धातू इथे बनत नाही, जिथे स्वस्त वीज तिथे बनतो. शिवाय आपला सगळा माल ॲल्युमिनियमला जातो असं पण नाही, जास्त लोखंडाचा सिमेंटला जातो, काही तुरटीला, काही भट्टीच्या विटांना.

## "निसर्ग परत बनवेल की"

हे पण सुनावणीत कोणीतरी बोलतंच, म्हणून अंदाजाने हिशोब करून बघू. एक चौरस मीटर जागा घ्या. एक मीटर जाडीचं बॉक्साइट व्हायला साधारण सव्वादोन मीटर कातळ लागतो, आणि त्यातून 3200 किलो सिलिका निघून जावी लागते. 3000 मिलिमीटर पावसातला पाचवा हिस्सा मुरतो असं धरा, म्हणजे वर्षाला 600 लिटर. सुरुवातीची दोन तृतीयांश सिलिका लवकर निघते, लिटरमागे 20 मिलिग्रॅम धरले तर वर्षाला 12 ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लाख वर्षं. राहिलेली एक तृतीयांश म्हणजे चिकणमातीतली, तिथे पाणी कोरं लागतं, लिटरमागे दोनच मिलिग्रॅम, वर्षाला सव्वा ग्रॅम सुद्धा नाही. त्याला नऊ लाख वर्षं. एकूण अकरा लाख वर्षं, एका मीटरला. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, मुरणारं पाणी दुप्पट धरलं तरी साडेपाच लाख. आणि मधल्या काळात सडा झिजून वाहून गेला नाही पाहिजे.

## आणि विहिरीचं काय?

इथे दोन्ही बाजू टोकाचं बोलतात. वर भोकांचा जांभा-बॉक्साइट, खाली चिकणमाती, अशी रचना असल्यामुळे पावसाचं पाणी वरच्या थरात मुरतं, मातीवर येऊन अडतं आणि कडेला दोघांच्या सांध्यावर झरा होऊन फुटतं. सड्याखालच्या वाड्यांचं पाणी, कलमांना जानेवारीपर्यंत मिळणारी ओल, पुष्कळ ठिकाणी यावरच आहे. वरचा थर काढला तर साठवायची जागाच तेवढी कमी होते, पाऊस तितकाच पडला तरी पाणी लवकर वाहून जातं. पण खाण सड्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या उताराला पाणी देणाऱ्या कप्प्यात असेल तर तुमच्या झऱ्याला काही होणारही नाही. सड्याचं पाणी कोणत्या बाजूला उतरतं हे बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही, आणि ते झऱ्यांची महिनावार मोजणी ठेवली तर कळतं, नोव्हेंबर ते मे, बादली आणि घड्याळ पुरे.

त्यामुळे रिपोर्ट हातात आला की एकूण ॲल्युमिनाचा आकडा सोडून आधी दोन गोष्टी शोधा. एक, रिॲक्टिव्ह सिलिका आणि लोखंड वेगळं दिलंय का, त्यावरून माल खरंच ॲल्युमिनियमचा आहे की सिमेंटचा ते कळेल, आणि मग त्यातून किती कमाई होणार हे सांगताना कोणत्या भावाने धरलीय ते विचारता येईल. दुसरी, खाण किती खोल जाणार आणि खाली चिकणमातीच्या वर किती मीटर जांभा शिल्लक ठेवणार. झऱ्याचं पाणी त्या शिल्लक मीटरांत साठणार आहे.